खर्रा-तंबाखू खाणाऱ्याने स्वतःचं तोंड घरी कसं तपासायचं?

पांदण (धागाकर्ता)
मंडळी, वय ४३, मुक्काम वर्धा जिल्हा. खर्रा कॉलेजपासून चालू आहे, सध्या दिवसाला चार-पाच पुड्या होतात. सोडायचं डोक्यात आहे, पण हा धागा त्यासाठी नाही. गावात आरोग्य शिबिर झालं. तिथे तोंडात बॅटरी मारून पाहिलं, "आता काही दिसत नाही, पण महिन्यातून एकदा आरशात बघत जा" म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली. घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो तर सगळंच भलतं दिसायला लागलं. दोन्ही गालांत पांढरी रेघ, जिभेच्या पार मागे मोठमोठे दाणे, टाळूला मधोमध टणक उंचवटा. हे आधीपासून होतं की आता आलं, तेही सांगता येईना. नेमकं काय बघायचं आणि कोणत्या क्रमाने, कोणी नीट सांगेल का?

कडुलिंब
बडीशेप, ओवा आणि थोडा काळा मीठ भाजून डबीत ठेवा. तलफ आली की चिमूटभर तोंडात टाका. माझ्या साडूची सवय यानेच गेली.

पांदण
दादा, डबी भरून ठेवतो, पण प्रश्न तपासण्याचा आहे.

दाढदुखी
मी दंतवैद्य, तोंडाचे आजार हाच माझा विषय. सांगतो, पण आधी एक प्रश्न. खर्रा तोंडात कुठे धरता? आणि रात्री झोपताना तोंडात असतो का?

पांदण
डावीकडे, खालच्या दाढांच्या बाहेर, गालफडात. रात्री कधीमधी राहून जातो, खोटं कशाला बोलू.

दाढदुखी
मग तुमची तपासणी तिथूनच सुरू करायची. इंटरनेटवरची चित्रं ओठांपासून सुरू करून घशापर्यंत जातात. माणूस तीन मिनिटांत कंटाळतो आणि खरी जागा घाईत बघतो. आपल्याकडे खाली हिरडी आणि गाल यांच्यामधल्या खोबणीत आणि गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर जास्त होतो, कारण बार तिथे तासन् तास पडून असतो. तंबाखू मळून खालच्या ओठात धरणाऱ्याने ओठाच्या खोबणीपासून सुरू करावं. विडी-सिगारेट आणि दारू दोन्ही असलेल्याने जिभेच्या कडा आणि जिभेखालचा भाग आधी बघावा.

वेळ सकाळची, पहिल्या पुडीच्या आधी. खर्र्यातल्या चुन्याने आणि रंगाने आतली कातडी तासभर तरी वेगळी दिसते, त्यात काही कळत नाही. दात घासा, साध्या पाण्याने खळखळून चुळा भरा, कवळी असेल तर काढून ठेवा, हात साबणाने धुवा. उजेड खिडकीतला असेल तर उत्तम, नाहीतर घरातल्या कुणाला मोबाइलची टॉर्च धरायला सांगा. स्वतः टॉर्च, आरसा आणि गाल असं तिन्ही धरायला गेलात तर काहीच धड दिसणार नाही. जवळ एक स्वच्छ सुती कापडाचा तुकडा आणि एक चमचा असू द्या.

आता डावा गाल. तोंड अर्धंच उघडा, आ वासलात तर गाल ताणून खोबण मिटते. तर्जनी ओठाच्या कोपऱ्यातून आत घालून गाल बाहेर ओढा, चमच्याच्या पाठीने मागे रेटा. खोबणीचा तळ पुढच्या दातांपासून थेट शेवटच्या दाढेच्या मागे जाईपर्यंत सावकाश बघा. ही शेवटची दाढेमागची जागा हमखास राहून जाते. पांढरं काही दिसलं तर कापडाने हलक्या हाताने पुसा. अन्न, चुना किंवा बुरशीचा थर असेल तर निघतो. पुसून न निघणारा पांढरा चट्टा लक्षात ठेवायचा. मखमलीसारखा लाल चट्टा, किंवा पांढऱ्यात लाल ठिपके असलेला, हा त्याहून वाईट. तो दिसला तर वाट बघत बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

मग बोट. हे बहुतेक जण करतच नाहीत. तर्जनी गालाच्या आत, अंगठा बाहेर, आणि दोघांच्या मध्ये गाल हळूहळू चिमटीत फिरवत पुढून मागे न्या. निरोगी गाल सगळीकडे सारखा मऊ लागतो. कुठे गाठ, कुठे जाड चामड्यासारखा भाग, कुठे उभा ताठ पट्टा लागतो का बघा. हेच उजव्या गालाला करा. तुमच्या बाबतीत उजवी बाजू हे तुमचं माप आहे. दोन्हींत फरक लागला तर तो महत्त्वाचा.

आडगल्ली
डॉक्टरसाहेब, एवढा खटाटोप कशाला? कॅन्सर असेल तर दुखेलच की. दुखलं की दाखवायचं.

सातपुडा
आडगल्ली, माझं दुखत नव्हतं. म्हणून लिहितो.

मी खर्रेवाला नाही, सिगारेट आणि शनिवारची बैठक. जिभेच्या उजव्या कडेला चर पडला. शेजारची दाढ तुटून धारदार झालेली, म्हणून तीच लागत असणार असं मी ठरवून टाकलं. मेडिकलमधून जेल आणून लावायचो. जेलने बधिर व्हायचं, म्हणजे थोडंफार झोंबत होतं तेही कळेनासं झालं. बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या. शेवटी दंतवैद्याने दाढ घासून गुळगुळीत करून दिली आणि स्पष्ट सांगितलं, आता दोन आठवड्यांत चर भरला नाही तर दाढेचा दोष नाही. भरला नाही. तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला, लवकरचा होता. जिभेचा तेवढा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या. "र" थोडा जड येतो, बाकी जेवतो-खातो.

ज्याने मला धोका दिला तो कॅन्सर नव्हे, ती तुटकी दाढ. समोर सोपं कारण होतं म्हणून पुढे बघितलंच नाही.

दाढदुखी
सातपुडा यांनी नेमकं ते सांगितलं. सुरुवातीच्या टप्प्यात बहुधा दुखत नाही. उलट तोंड आल्यावरचा साधा फोड भयंकर दुखतो आणि आठ-दहा दिवसांत जातो. न दुखणारा आणि न जाणारा, हे दोन एकत्र आले की तो माझ्याकडचा. मुदत दोन आठवडे. कारण काढून टाकल्यावर दोन आठवडे. म्हणजे दाढ घासली, कवळी काढून ठेवली, पोळलं असेल तर गरम खाणं टाळलं, आणि त्या दिवसापासून मोजायचं. कॅलेंडरवर खूण करा, नाहीतर "परवाच तर झालं" म्हणता म्हणता तीन महिने जातात.

पांदण, पुढचं सांगतो. ओठ बोटांनी उलटवून आतून बघा, वरचा आणि खालचा. मग जीभ. कापडाने जिभेचं टोक धरा आणि डावीकडे ओढा, उजवी कड पार मागेपर्यंत दिसेल. मग उलट बाजू. नुसती जीभ बाहेर काढून कड दिसत नाही, धरावीच लागते. नंतर जिभेचं टोक टाळूला लावा आणि खालची ओली जागा बघा. तिथे एक बोट आत आणि दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीखाली ठेवून मधला भाग चाचपा. डोकं मागे टाकून टाळू. शेवटी मान: जबड्याच्या खाली आणि कानापासून गळ्याखालच्या आडव्या हाडापर्यंत दोन्ही बाजू एकाच वेळी बोटांच्या टोकांनी. एका बाजूला टणक, जागची न हलणारी गाठ लागली तर ती दाखवायची. सर्दीच्या वेळची मऊ, हलणारी, दुखणारी गाठ वेगळी.

आता तुम्ही घाबरलात ते. गालातली आडवी पांढरी रेघ दाढा मिटतात तिथे येते, दोन्ही बाजूंना सारखी असते, ती बहुतेकांना असते. वरच्या मागच्या दाढेसमोर गालात बारीकसा उंचवटा दिसेल, ते लाळेचं तोंड आहे. गालात किंवा ओठात पिवळसर रवाळ ठिपके असले तर त्या चरबीच्या ग्रंथी. जिभेच्या पार मागे उलट्या व्ही सारखी मोठ्या दाण्यांची रांग सगळ्यांना असते. टाळूच्या मधोमध हाडाचा टणक उंचवटाही पुष्कळांना असतो. हिरड्यांवर काळसर डाग आपल्या लोकांत नेहमीचे. यातलं काहीही एकाच बाजूला नवीन उगवलं किंवा बदललं, तरच विचारा. पहिल्या वेळी घरातल्या कुणाकडून मोबाइलवर सहा-सात फोटो काढून घ्या: डावी खोबण, उजवी खोबण, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली, टाळू. पुढच्या महिन्यात तुलनेला तेच उपयोगी पडतात. आठवणीवर विसंबू नका.

आणि एक राहिलं. आपल्याच हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकमेकांना चिकटवून उभी धरा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. किती जातात?

पांदण
दोन सहज. तिसरं जात नाही. हो, पूर्वी सँडविच खाताना एवढा त्रास होत नव्हता, पण माझी समजूत अशी की वयाने जबडा आखडतो. आणि झुणका-भाकर तिखट असली तर पूर्वी कधी नव्हती इतकी झोंबते.

दाढदुखी
वयाने ४३ ला जबडा आखडत नाही. तुमची ही दोन वाक्यं चट्ट्यापेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटतात. सुपारीमुळे गालाच्या आतल्या थरात तंतू साचतात, तो ताठ होतो, तोंड हळूहळू कमी उघडतं आणि तिखट सोसत नाही. तंबाखूपेक्षा यात सुपारीचाच हात मोठा, आणि खर्र्यात सुपारीच जास्त असते. बोटाने गाल फिरवताना उभे ताठ पट्टे लागले का? गाल फिकट, मार्बलसारखा दिसतो का?

वऱ्हाडी_ठेचा
मी पण खर्रेवाला होतो, वर्षभरापूर्वी सोडला. गालात पांढुरका सुरकुतलेला चट्टा होता, सोडल्यावर महिन्याभरात आपोआप गेला. तेव्हा पांदणभाऊ, टेन्शन घेऊ नका. फक्त एक, कुणी तुकडा काढू देऊ नका. सुई-कात्री लागली की पसरतो. आमच्या गावात तसंच झालं.

दाढदुखी
ठेचा, अर्धं बरोबर. बार धरायच्या जागी सुरकुतलेला, पांढुरका-पिवळसर चट्टा पुष्कळांना येतो आणि तंबाखू बंद केल्यावर काही आठवड्यांत तो निवतो. तुमचा तसाच गेला असणार. पण गेला की नाही हे कुणीतरी जाणत्याने बघायला हवं होतं, कारण काही चट्टे तसेच राहतात आणि त्यातले काही पुढे बिघडतात. कोणता बिघडेल ते डोळ्याने सांगता येत नाही, मलाही नाही. म्हणून तुकडा. मुगाच्या डाळीएवढा तुकडा, जागा बधिर करून, दहा मिनिटांत. त्याने पसरत नाही. गावात जे झालं ते असं असतं: माणूस महिनोन् महिने अंगावर काढतो, शेवटी तुकडा देतो, तोवर आजार पुढे गेलेला असतो, आणि नाव कात्रीचं होतं.

तोंडाच्या ताठपणाचं मात्र वेगळं. खर्रा सोडला तरी तो बहुधा पूर्ण परतत नाही, वाढायचा थांबतो. म्हणून तपासणी सोडणाऱ्यानेही चालू ठेवायची.

शुभांगी_प
थोडं वेगळं विचारते. आई ६८ वर्षांची, सातारकडची. तंबाखू "खात नाही", मिश्री लावते, दिवसातून तीन वेळा. दात गेलेत, कवळी आहे. तिला मी काय बघायला सांगू? आणि ती म्हणते मिश्री म्हणजे दात घासायचं, त्याला व्यसन म्हणायचं नाही.

दाढदुखी
मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. बोटाने चोळतात ती हिरड्यांवर आणि ओठांच्या आतल्या खोबणीत, म्हणून त्यांची पहिली जागा तीच, वरची आणि खालची दोन्ही. कवळी काढून तिच्याखालची हिरडीची धार पूर्ण बोट फिरवून बघा, टाळूचाही कवळीने झाकलेला भाग. कवळी टोचून चर पडला असेल तर दोन आठवडे कवळी बाजूला ठेवा. भरला तर कवळी घासून घ्या, नाही भरला तर कवळीला दोष देऊ नका. "कवळी अचानक बसेनाशी झाली" असं त्या म्हणाल्या तर नवीन कवळीच्या आधी हिरडी दाखवा. खाली सूज वाढल्यानेही कवळी बसत नाही.

आणि ६८ व्या वर्षी त्यांना आरशात दिसणार नाही. तुम्हीच बघा.

आकडेमोड
एक खवचट प्रश्न विचारतो. आरशात बघून खरंच कुणाचा जीव वाचतो का? की डॉक्टरांनी आपलं काम पेशंटवर ढकललंय?

दाढदुखी
खवचट नाही, रास्त आहे. ठोस पुरावा आहे तो दुसऱ्याने बघण्याचा. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षण दिलेले आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन तोंडं तपासत होते. २००५ मध्ये निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. व्यसन नसलेल्यांमध्ये असा फायदा दिसला नाही. स्वतः आरशात बघण्याबद्दल इतका भक्कम पुरावा नाही. माणूस स्वतःच्या तोंडातलं बरंच काही चुकवतो, मुख्यतः मागचं.

म्हणून आरसा हा तपासणीच्या मधल्या काळासाठी. ३० च्या पुढच्या माणसाचं तोंड उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, फुकट बघतात. राष्ट्रीय कार्यक्रमात ते दर पाच वर्षांनी धरलंय. रोज चार पुड्या खाणाऱ्याला पाच वर्षं फार झाली, असं माझं मत. मी वर्षातून दोनदा दंतवैद्याला दाखवा म्हणतो आणि मध्ये महिन्याला आरसा.

आकडेमोड
म्हणजे आरशात काही दिसलं नाही म्हणून माणूस निर्धास्त झाला, तर नुकसानच की.

दाढदुखी
ती भीती मलाही आहे. म्हणून मी पेशंटला असं सांगतो: आरशात काही सापडलं तर त्याला महत्त्व द्या, काही सापडलं नाही याला देऊ नका. हे माणसं पाळतात का, हा भाग वेगळा.

सातपुडा
मी महिन्याला करत नाही, दर रविवारी दाढी करताना करतो. माझं झालंय म्हणून.

दाढदुखी
तुमचं बरोबर आहे, उपचार झालेल्याने तसंच करावं. इतरांनी दर आठवड्याला बघितलं तर रोजच नवीन काहीतरी दिसायला लागतं आणि दोन महिन्यांत सोडून देतात, हा माझा अनुभव. काही सहकारी मात्र आठवड्याचं सांगतात.

पांदण
जाऊन आलो, जिल्ह्याच्या ठिकाणी दंत महाविद्यालयात. केसपेपरला नाममात्र पैसे. पट्टीने मोजलं, तोंड ३१ मिलिमीटर उघडतं. गालात दोन्ही बाजूंना पट्टे आहेत, उजवीकडेही, म्हणजे माझं "माप" तसं बिघडलेलंच होतं. डॉक्टर, तुम्ही उजवी बाजू निरोगी धरायला सांगितली होती, तिथे मी आपलं ठीक आहे असं समजून पुढे गेलो होतो.

डाव्या खोबणीत दाढेच्या मागे पांढरा चट्टा आहे, नखाएवढा, पुसून निघत नाही. मला आरशात दिसला नव्हता, बायकोने काढलेल्या फोटोत होता. त्यांनी खर्रा पूर्ण बंद करून दोन आठवड्यांनी बोलावलंय, तेव्हा राहिला तर तुकडा घेणार. तोंड उघडायचे व्यायाम दिलेत, आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि हळूहळू एक-एक वाढवायची.

दाढदुखी
खर्रा दोन्हीकडे फिरवून खाणाऱ्याला एका बाजूचं माप लागू पडत नाही, हे मी आधी विचारायला हवं होतं. अशा वेळी घरातल्या न खाणाऱ्या माणसाचा गाल चिमटीत धरून बघायचा, मऊपणा कळतो. बंद केलात का?

पांदण
डावीकडे ठेवणं बंद केलंय. चट्ट्याला लागू नये म्हणून उजवीकडे धरतो, एक-दोन पुड्या.

दाढदुखी
मग त्या दोन आठवड्यांना काही अर्थ नाही. चट्टा निवला तरी कशाने ते कळणार नाही, नाही निवला तरी कळणार नाही, आणि सुपारी उजवा गाल ताठ करतच राहील. सुपारीसकट पूर्ण बंद, त्या दिवसापासून मुदत मोजा. जमत नसेल तर १८००-११-२३५६ वर फोन करा, सोडवणाऱ्यांची मोफत लाइन आहे. तिथेही नाही जमलं तर तारखेला जा आणि "मी सोडला नाही" असं सरळ सांगा. मग ते वाट न बघता तुकडा घ्यायचा का ते ठरवतील.

कडुलिंब
मी म्हटलं होतं, बडीशेपची डबी.

शुभांगी_प
आईने मला तोंडात बोट घालू दिलं नाही. आशाताईला घरी बोलावलं तर तिच्यासमोर मात्र गपगुमान आ केला. वरच्या ओठाच्या आत फिकट जाडसर भाग आहे म्हणाली, पुसला तर निघाला नाही. मी फोटो काढलाय. डॉक्टर, फोटोवरून काही सांगता येईल का?

दाढदुखी
नाही. फोटोत कडकपणा कळत नाही. आईंना घेऊन जा, कवळी डबीत घालून सोबत न्या, आणि त्या दिवशी सकाळी मिश्री लावू देऊ नका.